मॅलोनिल-कोए सीपीटी-१ला किती रोखतो? यकृताच्या मायटोकॉन्ड्रियावर मोजण्याची पद्धत

लांब साखळीची स्निग्धाम्लं मायटोकॉन्ड्रियाच्या आत पोहोचवणाऱ्या कार्निटिन शटलचं चित्र कागदावर सगळ्यांना काढता येतं, प्रयोगात मात्र तेच चित्र विसरलं जातं. सीपीटी-१ हे त्या शटलचं पहिलं एन्झाइम आणि मॅलोनिल-कोए त्याचा अवरोधक; उपाशी प्राण्याच्या यकृतात त्याचा सीपीटी-१वरचा धाक कमी होतो, हे खरं आहे. अडचण अशी की मायटोकॉन्ड्रिया फुटल्यावरही आकडे अगदी तसेच दिसतात. त्यामुळे साध्या तुटफुटीला "उपवासाचा परिणाम" असं नाव देणारे निष्कर्ष निघतात. पुढची सगळी मांडणी ही एक गल्लत टाळण्यासाठी आहे.

## आधी जागा नक्की करा: कोणतं एन्झाइम कुठे बसलंय

पामिटॉइल-कोएसारखा लांब साखळीचा ॲसिल-कोए आतलं आवरण थेट ओलांडू शकत नाही. बाहेरच्या आवरणात सीपीटी-१ असतो आणि त्याचं क्रियास्थान पेशीद्रवाकडे तोंड करून असतं. तो कोए काढून त्या जागी कार्निटिन जोडतो. तयार झालेला पामिटॉइल-कार्निटिन बाहेरच्या आवरणातल्या छिद्रांमधून आवरणांमधल्या पोकळीत येतो. तिथून ट्रान्सलोकेज त्याला आत घेतो आणि बदल्यात एक मोकळा कार्निटिन बाहेर सोडतो. आतल्या आवरणाच्या मॅट्रिक्सकडच्या बाजूला सीपीटी-२ बसलेला असतो. तो उलटी अदलाबदल करतो, म्हणजे कार्निटिन सुटतो आणि पामिटॉइल-कोए पुन्हा तयार होऊन बीटा-ऑक्सिडेशनला जातो.

मॅलोनिल-कोए या दोहोंपैकी फक्त सीपीटी-१ला रोखतो, सीपीटी-२वर त्याचा परिणाम नाही. परीक्षानळीत मात्र दोन्ही एन्झाइमं एकच काम करतात, पामिटॉइल-कोए आणि कार्निटिनपासून पामिटॉइल-कार्निटिन बनवतात. आतलं आवरण शाबूत असेल तोवर बाहेर टाकलेला पामिटॉइल-कोए सीपीटी-२पर्यंत पोहोचत नाही. ते फुटलं की सीपीटी-२ उघडा पडतो आणि मॅलोनिल-कोएला न जुमानणारी क्रिया आपल्या मोजणीत मिसळते. शिवाय मॅट्रिक्समधला मॅलोनिल-कोए डिकार्बॉक्सिलेजही बाहेर येतो आणि आपण टाकलेला अवरोधकच खाऊ लागतो. म्हणजे फुटलेला नमुना दोन्ही बाजूंनी फसवतो.

## टप्पा १: द्रावणं

यांतली बरीचशी आदल्या दिवशी करता येतात, पण काही अजिबात करू नयेत.

विलगीकरणाचं द्रावण: सुक्रोज २५० मिलिमोलर, ट्रिस-एचसीएल १० मिलिमोलर, ईजीटीए १ मिलिमोलर, पीएच ७.४. बर्फात ठेवा.

दुप्पट तीव्रतेचं अभिक्रिया-माध्यम: सुक्रोज ३००, पोटॅशियम क्लोराइड १२०, ट्रिस-एचसीएल ५०, ईजीटीए २, ग्लुटाथायोन ०.५ (सगळं मिलिमोलरमध्ये), पीएच ७.४. त्यात स्निग्धाम्लमुक्त बोवाइन अल्ब्युमिन दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, रोटेनोन १० मायक्रोमोलर आणि अँटीमायसिन ए २ मायक्रोमोलर. ग्लुटाथायोन त्याच दिवशी घाला.

रोटेनोन आणि अँटीमायसिन कशाला? तयार झालेला पामिटॉइल-कार्निटिन आत जाऊन ऑक्सिडेशनला लागला, तर खूण लावलेला कार्निटिन सुटा होऊन परत पाण्यात येईल आणि मोजणी कमी भरेल. श्वसनसाखळी बंद असली की ही गळती थांबते. जुन्या कृतींमध्ये यासाठी पोटॅशियम सायनाइड सांगितलेलं असतं.

सावधान: या पद्धतीत अभिक्रिया आम्लाने थांबवतात. सायनाइडवर आम्ल पडलं की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. म्हणून इथे सायनाइड वापरू नका.

पामिटॉइल-कोए: ०.५ मिलिमोलर, पाण्यात.

कार्निटिन: ट्रिटियमने खूण केलेला एल-कार्निटिन साध्या एल-कार्निटिनमध्ये मिसळून ४ मिलिमोलर करा, असा की ५० मायक्रोलिटरमध्ये २०० नॅनोमोल कार्निटिन आणि ०.५ मायक्रोक्युरी यावी. खूण कार्निटिनवरच हवी. ती पामिटिक आम्लावर असेल, तर न वापरलेला पामिटॉइल-कोए आणि त्यातून सुटलेलं पामिटिक आम्लही ब्युटॅनॉलमध्ये उतरेल, आणि काय मोजतोय हेच कळणार नाही.

मॅलोनिल-कोए: इथे घाई महागात पडते. साठा सौम्य आम्लधर्मी पाण्यात करून लहान भागांत उणे ८० अंशांवर ठेवा. एक भाग एकदाच वितळवायचा, उरला तर फेकायचा. तीव्रता तपासायला २६० नॅनोमीटरला शोषण बघतात, पण ते शोषण ॲडेनिनचं असतं. मॅलोनिल-कोए मोडून ॲसिटिल-कोए झाला तरी ॲडेनिन जागेवरच राहतं, म्हणून आकडा बदलत नाही. साठा जुना असेल तर एचपीएलसीवर शुद्धता बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्रयोगाच्या सकाळी त्यातून ०, ५, १०, २०, ५०, १००, २०० आणि १००० मायक्रोमोलर अशी दहापट मालिका करा. नळीत हे दहापट विरळ होईल, म्हणजे प्रत्यक्षात ० ते १०० मायक्रोमोलर.

## टप्पा २: मायटोकॉन्ड्रिया काढणं

प्राणी-नैतिकता समितीची आणि किरणोत्सारी पदार्थ हाताळण्याची परवानगी हातात असल्यावरच सुरुवात करावी. पोटभर खाल्लेल्या आणि उपाशी ठेवलेल्या उंदरांची तुलना असेल, तर दोन्ही गट दिवसाच्या एकाच वेळी घ्या आणि एकाच दिवशी, एकाच हाताने काढा.

१. यकृत लगेच बर्फगार द्रावणात टाका, बारीक कापा आणि रक्त जाईपर्यंत धुवा. दर ग्रॅमला ९ ते १० मिलिलिटर द्रावण घ्या.

२. सैल बसणाऱ्या टेफ्लॉन दट्ट्याच्या होमोजिनायझरमध्ये ४ ते ६ वेळा वर-खाली करा. दट्ट्या वर ओढताना खाली पोकळी तयार होऊन बुडबुडे येत असतील, तर वेग कमी करा. मायटोकॉन्ड्रिया सर्वांत जास्त इथेच फुटतात, सेंट्रिफ्यूजमध्ये नव्हे.

३. ६०० जी, १० मिनिटं, ४ अंश सेल्सिअस. खालचा गाळ (केंद्रकं, अखंड पेशी) टाकून द्या.

४. वरचा द्रव ७,००० जी, १० मिनिटं. गाळावर फिकट, भुरभुरीत थर दिसेल. तो हलक्या हाताने ओढून टाका, खालचा घट्ट तपकिरी भाग ठेवा.

५. गाळ थोड्या द्रावणात बोटाने नळीवर टिचक्या मारून किंवा मऊ ब्रशने मोकळा करा, व्हॉर्टेक्स नको. दोनदा धुवा.

६. शेवटी थोड्याशा द्रावणात मिसळा. प्रथिन मोजा आणि दर मिलिलिटरला २ मिलिग्रॅम करा.

तपासा: विलगीकरणाच्या द्रावणात काहीजण अल्ब्युमिन घालतात. हरकत नाही, पण शेवटच्या धुण्यात ते नको. नाहीतर प्रथिनमोजणीत अल्ब्युमिनही मोजलं जातं, मायटोकॉन्ड्रियाचं प्रथिन फुगलेलं दिसतं आणि सगळ्या क्रिया खोट्या कमी येतात.

सावधान: नमुना गोठवू नका. "आज काढू, उद्या मोजू" इथे चालत नाही. गोठवून वितळवलेले मायटोकॉन्ड्रिया म्हणजे उघडा सीपीटी-२. काढल्यापासून ३ ते ४ तासांत मोजणी संपवा.

## टप्पा ३: शाबूतपणाची परीक्षा, ही टाळायची नाही

हा टप्पा वेळ वाचवण्यासाठी सर्रास गाळला जातो. माझ्या मते हा नसेल तर पुढच्या आकड्यांना अर्थ नाही.

सायट्रेट सिंथेज मॅट्रिक्समध्ये असतो आणि त्याचं ॲसिटिल-कोए आतलं आवरण ओलांडत नाही. म्हणून बाहेरून दिलेल्या ॲसिटिल-कोएवर जेवढी क्रिया दिसेल, तेवढे मायटोकॉन्ड्रिया फुटलेले. ॲसिटिल-कोए ०.१, ऑक्झॅलोॲसिटेट ०.५ आणि डीटीएनबी ०.१ मिलिमोलर घेऊन ४१२ नॅनोमीटरला वाढ बघा. एकदा तशीच, एकदा ०.१ टक्के ट्रायटन एक्स-१०० घालून.

नेहमीची चूक अशी की ही चाचणी सायट्रेट सिंथेजच्या प्रचलित ट्रिस बफरमध्ये करतात. तिथे सुक्रोज नसतं, मायटोकॉन्ड्रिया पाणी ओढून चाचणीतच फुटतात आणि चांगला नमुना वाईट ठरतो. बफरमध्ये २५० मिलिमोलर सुक्रोज असू द्या.

समजा ट्रायटनशिवाय क्रिया १२ एकक आली आणि ट्रायटनसह १६०. १२ भागिले १६० म्हणजे ७.५ टक्के फुटलेले, ९२.५ टक्के शाबूत. ९० टक्क्यांच्या वर असेल तर पुढे जा. ८० ते ९०मध्ये असेल तर जपून वापरा, टप्पा ६ मधली वजाबाकी सक्तीची समजा. त्याखाली असेल तर नमुना टाकून द्या.

## टप्पा ४: नळीत काय, कोणत्या क्रमाने

एकूण ५०० मायक्रोलिटर, ३० अंश सेल्सिअस, प्रत्येक नळी तीन प्रतींत.

१. दुप्पट माध्यम २५० मायक्रोलिटर आणि पाणी ५०.

२. पामिटॉइल-कोए ५०. लगेच मिसळा. शेवटची तीव्रता ५० मायक्रोमोलर.

३. मॅलोनिल-कोए मालिकेतून ५० (शून्याच्या नळीत पाणी). नळी ३० अंशांवर आणा.

४. मायटोकॉन्ड्रिया ५०, म्हणजे ०.१ मिलिग्रॅम. बरोबर २ मिनिटं थांबा.

५. कार्निटिन ५० टाकून अभिक्रिया सुरू करा. शेवटची तीव्रता ४०० मायक्रोमोलर.

६. बरोबर ४ मिनिटांनी १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ५०० मायक्रोलिटर टाकून थांबवा.

क्रम उगाच ठरवलेला नाही. पामिटॉइल-कोए हा साबणासारखा रेणू आहे. अल्ब्युमिनशी बांधला जाण्याआधी तो मायटोकॉन्ड्रियाला भिडला, तर आवरणं विरघळवायला लागतो. म्हणून तो नेहमी अल्ब्युमिनच्या माध्यमात आधी आणि मायटोकॉन्ड्रिया नंतर. पामिटॉइल-कोए आणि अल्ब्युमिन यांचं प्रमाणही सर्व प्रयोगांत एकच ठेवा. अल्ब्युमिन अर्धं केलं की मोकळा पामिटॉइल-कोए वाढतो, तो मॅलोनिल-कोएशी स्पर्धा करतो आणि अर्ध-अवरोधाची तीव्रता सरकते. मग दोन दिवसांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

मॅलोनिल-कोए मायटोकॉन्ड्रियाच्या आधी का? गरम माध्यमात मॅलोनिल-कोएविना ठेवलेल्या मायटोकॉन्ड्रियात सीपीटी-१ची संवेदनशीलता हळूहळू उतरते, सोबत ठेवली तर टिकते. मायटोकॉन्ड्रिया आधी दहा मिनिटं तापवून मग मॅलोनिल-कोए देणारे लोक हाच उतार मोजतात आणि त्याला जैविक फरक समजतात. तापमानही बदलू नका. ही संवेदनशीलता आवरणाच्या तरलतेवर अवलंबून असते, त्यामुळे ३० आणि ३७ अंशांचे आकडे एका तक्त्यात बसत नाहीत.

चार मिनिटंच का, याचा हिशोब सोपा आहे. नळीत २५ नॅनोमोल पामिटॉइल-कोए आहे. मिनिटाला दर मिलिग्रॅम ५ नॅनोमोल वेग धरला, तर ०.१ मिलिग्रॅममध्ये ४ मिनिटांत २ नॅनोमोल वापरला जातो, म्हणजे ८ टक्के. दहा मिनिटं ठेवलं तर २० टक्के जाईल आणि वेग सरळ रेषेत राहणार नाही. उपाशी प्राण्यात वेग जास्त असतो, तिथे प्रथिन ०.०५ मिलिग्रॅम करा, वेळ तीच ठेवा.

सोबत हव्याच अशा नळ्या: (अ) शून्य-वेळ, म्हणजे आम्ल आधी टाकून मग मायटोकॉन्ड्रिया, बाकी सगळं तसंच. (आ) पामिटॉइल-कोएविना. (इ) ट्रायटन दिलेला नमुना, मॅलोनिल-कोए शून्य आणि १०० दोन्हींवर. ट्रायटनने सीपीटी-१ची क्रिया जाते आणि सीपीटी-२ टिकतो, त्यामुळे (इ) मध्ये दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. नाही आले, तर मॅलोनिल-कोएच्या साठ्यात काहीतरी गडबड आहे किंवा ट्रायटनने काम नीट केलेलं नाही.

## टप्पा ५: ब्युटॅनॉलने वेगळं करणं

आम्ल टाकलेल्या नळीत पाण्याने संपृक्त केलेलं एन-ब्युटॅनॉल १ मिलिलिटर घाला, जोरात हलवा, ५ मिनिटं फिरवा. मधे पांढरा थर येतो, ते अल्ब्युमिन. वरच्या थरातलं ०.८ मिलिलिटर नव्या नळीत घ्या, ब्युटॅनॉलने संपृक्त केलेल्या तितक्याच पाण्याने एकदा धुवा, पुन्हा फिरवा आणि वरच्या थरातलं ०.५ मिलिलिटर मोजणीला लावा. पामिटॉइल-कार्निटिन वर, मोकळा कार्निटिन खाली पाण्यात.

धुणं गाळलं तर शून्य-वेळ नळीतच मोजणी वर जाते, कारण मोकळ्या कार्निटिनचे बारीक थेंब वर अडकतात. ब्युटॅनॉलमुळे ट्रिटियमची चमक दबते, म्हणून कच्च्या सीपीएमऐवजी दबलेली चमक भरून काढलेले डीपीएम घ्या.

## टप्पा ६: आकडे सोडवून

हा एक पूर्ण हिशोब. ०.५ मायक्रोक्युरी म्हणजे ११,१०,००० डीपीएम. ते २०० नॅनोमोलमध्ये आहेत, म्हणून दर नॅनोमोल ५,५५० डीपीएम. आपण १ मिलिलिटरपैकी अर्धं मोजलं, म्हणून गुणिले २.

मॅलोनिल-कोए शून्य असताना मोजणी ५,९००, शून्य-वेळ नळी ३५०. फरक ५,५५०, दुप्पट ११,१००, म्हणजे २ नॅनोमोल. ४ मिनिटं आणि ०.१ मिलिग्रॅमने भागलं की ५.०.

१०० मायक्रोमोलरवर मोजणी ७९४. फरक ४४४, दुप्पट ८८८, म्हणजे ०.१६ नॅनोमोल, आणि वेग ०.४. हा उरलेला वेग मॅलोनिल-कोएला न जुमानणारा आहे. एकूणाच्या ८ टक्के. सायट्रेट सिंथेजने ७.५ टक्के फूट दाखवली होती, पण ते टक्के या ८ टक्क्यांशी थेट ताडू नका, दोन्हींचं एकूण वेगळं आहे; ०.४ हा ट्रायटनच्या नळीतल्या सीपीटी-२च्या वेगाच्या ७.५ टक्क्यांजवळ आहे का ते बघा. असं जुळलं की निर्धास्त व्हा.

आता सगळ्या वेगांतून ०.४ वजा करा. संवेदनशील क्रिया ४.६. समजा २ मायक्रोमोलरवर एकूण वेग ३.१ आला, तर संवेदनशील भाग २.७, म्हणजे ५९ टक्के शिल्लक. ५ मायक्रोमोलरवर १.९ आला, तर १.५, म्हणजे ३३ टक्के. अर्धी शिल्लक या दोहोंच्या मधे येते. साध्या अवरोध-वक्राने काढलं तर सुमारे २.६ मायक्रोमोलर, यकृतातल्या सीपीटी-१कडून अपेक्षित असलेल्या टापूत.

आता तेच यकृत, पण दट्ट्या जोरात चालवलेला. सीपीटी-१ तसाच, संवेदनशील भाग ४.६ आणि अर्ध-अवरोध २.६च. फक्त उघड्या पडलेल्या सीपीटी-२मुळे न जुमानणारा भाग ०.४ऐवजी २.६ झाला. एकूण ७.२. वजाबाकी न करता ७.२चं अर्धं, ३.६, शोधायला गेलात, तर संवेदनशील भाग १.० व्हायला हवा, म्हणजे २२ टक्के. त्यासाठी मॅलोनिल-कोए लागतो सुमारे ९.४ मायक्रोमोलर. एन्झाइममध्ये तसूभरही बदल नाही, तरी कागदावर "क्रिया ४४ टक्के वाढली, संवेदनशीलता साडेतीन पटींनी घटली" असं वाचायला मिळतं. उपवासाच्या परिणामाचं वर्णनही नेमकं हेच असतं.

## खरा बदल आणि फुटलेला नमुना वेगळे कसे करायचे

तीन आकडे एकत्र बघा: शाबूतपणा, १०० मायक्रोमोलरवर उरलेला वेग, आणि तो वजा करून काढलेला अर्ध-अवरोध. खरोखरच्या उपवासात शाबूतपणा दोन्ही गटांत सारखा असतो, उरलेला वेग फारसा हलत नाही, आणि वजाबाकीनंतरही अर्ध-अवरोध वर गेलेला दिसतो. फुटलेल्या नमुन्यात उरलेला वेग चढतो आणि वजाबाकी केली की अर्ध-अवरोध परत जागेवर येतो. वजाबाकीनंतर तो परतला नाही, पण शाबूतपणाही कमी आहे, तर डिकार्बॉक्सिलेजवर संशय घ्या आणि तो नमुना निष्कर्षात धरू नका.

वजाबाकी चालते म्हणून वाईट नमुना चालवून घेऊ नये. न जुमानणारा भाग एकूणाच्या चौथ्या हिश्श्याच्या वर गेला, की दोन मोठ्या आकड्यांतून लहान फरक काढायची वेळ येते आणि तीन प्रतींमधला विखुरलेपणा निकालापेक्षा मोठा होतो.

किरणोत्सार टाळायला डीटीएनबीने सुटणारा कोए मोजायचा मोह होतो. त्यात दोन अडचणी आहेत. माध्यमातलं ग्लुटाथायोन आणि अल्ब्युमिनचा थायोल दोघेही डीटीएनबीशी प्रतिक्रिया करतात. आणि डीटीएनबी स्वतः सीपीटी-१ची मॅलोनिल-कोएला असलेली संवेदनशीलता कमी करू शकतो. एकूण क्रियेचा अंदाज घ्यायला ठीक, अर्ध-अवरोधासाठी नको.

अजून एक मर्यादा: मायक्रोसोम आणि पेरॉक्सिसोममध्येही मॅलोनिल-कोएला जुमानणारी ॲसिलट्रान्सफरेज क्रिया असते. टप्पा २ मधला फिकट थर नीट काढला नाही, तर ती संवेदनशील भागातच मिसळते आणि वजाबाकीने जात नाही.

## स्नायूवर हीच पद्धत लावताना

हृदय किंवा कंकाल स्नायूत सीपीटी-१चं वेगळं रूप असतं. त्याचा अर्ध-अवरोध सुमारे ०.०३ मायक्रोमोलर, यकृताच्या शंभराव्या भागाजवळ, आणि कार्निटिनचा केएम ५०० मायक्रोमोलरच्या आसपास, यकृतात तो ३०च्या आसपास. यकृताची मालिका तशीच वापरली तर ०.५ मायक्रोमोलरवरच वक्र तळाला गेलेला दिसेल आणि मधला उतार हाती लागणार नाही. तिथे नळीतली तीव्रता ०.००५ पासून १ मायक्रोमोलरपर्यंत घ्या आणि तळ पक्का करायला १०० मायक्रोमोलरची एक नळी राहू द्या. कार्निटिन किमान २ मिलिमोलर करा. त्यासोबत दर नॅनोमोलचे डीपीएम पाचपट खाली येतात, तेव्हा खूणही त्या प्रमाणात वाढवावी लागते.